यूट्यूबचे डॉलर आणि आपलं रिटर्न: तीन आकडे जुळवायचे कसे

प्रश्न: "मी मालवणजवळ राहतो. मासेमारी आणि मालवणी जेवणाचा यूट्यूब चॅनल आहे. अ‍ॅडसेन्समध्ये एक रक्कम दिसते, बँकेत दुसरी जमा होते आणि मार्चमध्ये गूगलकडून आलेल्या, अमेरिकेत कापलेल्या कराच्या 1042-S फॉर्मवर तिसरीच आहे. रिटर्नमध्ये कुठली लिहू? अमेरिकेत कापलेला टॅक्स इथे परत मिळतो का? आमचे सीए म्हणतात, बँकेत आलं तेवढंच दाखव."

तिन्ही आकडे बरोबर आहेत, आणि म्हणूनच ते जुळणार नाहीत. मी कुडाळला करसल्लागार आहे. गेल्या काही वर्षांत देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंतची बरीच मुलंमुली हाच घोळ घेऊन माझ्याकडे आली. सगळ्यांची अडचण एकाच ठिकाणी असते. अमेरिकेचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च, आणि पैसे येतात एक महिना मागे. या तीन वेळापत्रकांना जोडणारा एकच कागद असतो, तो म्हणजे तुम्ही स्वतः महिन्यामहिन्याला लिहिलेली नोंद. ती असेल तर पुढचं सगळं अर्ध्या दिवसाचं काम आहे. ती नसेल तर कितीही हुशार सीए असला तरी अंदाजानेच भरणार.

आधी तिन्ही आकडे म्हणजे काय ते बघू. अ‍ॅडसेन्समध्ये महिन्याची कमाई म्हणून जी रक्कम दिसते ती तुमची पूर्ण कमाई, जगभरच्या प्रेक्षकांकडून झालेली, काहीही कापायच्या आधीची. बँकेत येते ती अमेरिकेचा कर वजा होऊन, रुपयांत बदलून, बँकेचे चार्जेस जाऊन उरलेली. 1042-S वरच्या Box 2 मधली रक्कम ही फक्त अमेरिकेत बसून तुमचे व्हिडिओ बघणाऱ्यांमुळे झालेली कमाई, तीही जानेवारी ते डिसेंबरची. Box 7a मध्ये त्यावर कापलेला कर असतो. न्यू जर्सीतला मालवणी माणूस तुमचा तिसळ्यांचा व्हिडिओ बघतो तेव्हा ती कमाई 1042-S वर येते. मुंबईतला किंवा दुबईतला माणूस तोच व्हिडिओ बघतो ती त्या फॉर्मवर येत नाही. म्हणून 1042-S ची रक्कम एकूण कमाईपेक्षा खूपच लहान दिसते. ती बघून "फॉर्म चुकलाय" असं वाटून घेऊ नका.

आता एक महिना सोडवून दाखवतो, म्हणजे आकडे कुठून कुठे जातात ते दिसेल. सप्टेंबर 2025 मध्ये लोकांनी व्हिडिओ पाहिले. गणपतीचे दिवस, म्हणजे परदेशातले कोकणी प्रेक्षक वाढलेले. ती कमाई अ‍ॅडसेन्समध्ये 7 ते 12 ऑक्टोबरच्या दरम्यान पक्की होते आणि 21 ते 26 ऑक्टोबरच्या दरम्यान पैसे निघतात. समजा एकूण 1,000 डॉलर झाले, त्यातले 200 डॉलर अमेरिकेच्या प्रेक्षकांचे. त्या 200 वर 15 टक्के, म्हणजे 30 डॉलर कर कापला गेला आणि 970 डॉलर तुमच्याकडे निघाले. बँकेने समजा 88 रुपये दर दिला, तर 85,360 रुपये झाले. त्यातून 200 रुपये चार्ज आणि त्यावरचा जीएसटी मिळून 236 रुपये गेले. पासबुकात 85,124 दिसले.

या महिन्याचं उत्पन्न किती? 1,000 डॉलरचे, म्हणजे 88,000 रुपये. 85,124 नव्हे. लिलावात मासळीचे दहा हजार झाले आणि दलालाने त्याची दलाली कापून साडेनऊ हाती दिले, तरी विक्री दहा हजारांचीच असते; दलाली हा खर्च. इथेही 236 रुपये बँकेचा खर्च म्हणून वेगळे दाखवायचे. कापलेले 30 डॉलर मात्र खर्चात टाकायचे नाहीत. तो तुमच्या उत्पन्नावर भरलेला कर आहे, आणि कराचं नातं वजावटीशी नसून करसवलतीशी आहे. भारतात राहणाऱ्या माणसाला जगभरचं उत्पन्न इथे दाखवावं लागतं आणि दुसऱ्या देशात भरलेल्या कराचं श्रेय मागावं लागतं. तुमच्या सीएंनी सांगितलेल्या पद्धतीत उत्पन्नही कमी दिसतं आणि श्रेय मागायचा रस्ताही बंद होतो, कारण जे उत्पन्न दाखवलंच नाही त्याच्यावरच्या कराचं श्रेय कसं मागणार? त्यांना हे एक उदाहरण कागदावर मांडून दाखवा. आपल्याकडे या प्रकारची कामं अलीकडे यायला लागली आहेत, त्यामुळे पुष्कळ जण अजून जुन्या सवयीने पासबुक बघून रिटर्न भरतात.

दर कुठला धरायचा, हा प्रश्न हमखास येतो. जे डॉलर वर्षाच्या आतच भारतात आले त्यांना बँकेने प्रत्यक्ष दिलेला दर धरायचा. वर्षअखेरीस कमाई झालेली पण आलेली नाही, आणि तुम्ही ती त्याच वर्षात दाखवत असाल, तर तिला 31 मार्चचा स्टेट बँकेचा टीटी बाइंग रेट, म्हणजे परदेशातून आलेले डॉलर बँक ज्या दराने विकत घेते तो, लागतो. काटेकोर वाचलं तर कापलेले 30 डॉलरही भारतात आलेले नसल्याने त्यांना 31 मार्चचाच दर लावावा लागेल. फरक काही रुपयांचा असतो. कुठली पद्धत धरली ते वहीत एका ओळीत लिहून ठेवा आणि दरवर्षी तीच ठेवा. अमेरिकेत कापलेल्या कराचं श्रेय मागताना मात्र दर ठरलेला आहे, तिथे मनाचं चालत नाही. ज्या महिन्यात कर कापला त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा टीटी बाइंग रेट. ऑक्टोबरमध्ये कापला असेल तर 30 सप्टेंबरचा. हे आयकर नियमावलीतल्या नियम 128 मध्ये आहे. म्हणजे एकाच महिन्याच्या ओळीत दोन वेगळे दर येऊ शकतात, आणि तसं दिसलं तर घाबरायचं कारण नाही.

एक गोष्ट पहिल्याच वर्षी ठरवा: कमाई झाली त्या महिन्यात धरणार की पैसे आले त्या महिन्यात. छोट्या एकट्या माणसासाठी मी पैसे येतील तेव्हा धरायची पद्धत सुचवतो, कारण ती बँकेच्या कागदाशी जुळते. या पद्धतीत 2025-26 वर्षात मार्च 2025 च्या व्ह्यूजचे (एप्रिलमध्ये आलेले) पैसे येतात आणि मार्च 2026 च्या व्ह्यूजचे येत नाहीत. बारा महिने भरतातच, फक्त एक घर सरकलेले. जपायचं ते मार्चअखेरीला. 26 मार्चला निघालेले पैसे सुट्ट्यांमुळे एप्रिलमध्ये जमा झाले, तर ते पुढच्या वर्षात जातात, आणि त्या वर्षी अकराच पेमेंट दिसतात. पुढच्या वर्षी तेरा. हे नोंदीत लिहिलेलं नसेल तर दोन वर्षांनी कोणालाच आठवत नाही की एक महिना गेला कुठे.

आता ती नोंद. मी सगळ्यांना एक साधं एक्सेल करायला सांगतो, दर पेमेंटला एक ओळ. व्ह्यूजचा महिना, एकूण डॉलर, त्यातले अमेरिकेचे डॉलर, कापलेला कर, निघालेले डॉलर, बँकेत आल्याची तारीख, बँकेचा दर, चार्जेस, जमा झालेले रुपये, आणि शेवटी आधीच्या महिनाअखेरीचा टीटी बाइंग रेट. अमेरिकेचे डॉलर यूट्यूब स्टुडिओत देशनिहाय उत्पन्न बघितलं की कळतात. कापलेला कर अ‍ॅडसेन्सच्या व्यवहारांच्या पानावर वेगळ्या ओळीत दिसतो. आणि त्याच दिवशी ते पान, पेमेंटची पावती आणि स्टुडिओतला देशनिहाय तक्ता तिन्ही डाउनलोड करून त्या महिन्याच्या फोल्डरमध्ये टाका. "तिथे आहेच की, लागेल तेव्हा काढू" हे करू नका. चॅनल हॅक झाला, अकाउंट बंद पडलं किंवा चॅनल विकला, की ते सगळं एका रात्रीत तुमच्या हाताबाहेर जातं. माझ्याकडच्या एका मुलाचा चॅनल हॅक झाला आणि परत मिळेपर्यंत रिटर्नची मुदत तोंडावर आली. त्याने महिन्यामहिन्याला फाइल काढून ठेवल्या होत्या, म्हणून निभावलं.

बँकेकडून एक कागद दर पेमेंटला मागायचा, एफआयआरए, म्हणजे परदेशातून आलेल्या पैशांची सूचना. आपल्याकडच्या गावातल्या शाखेत परकीय चलनाचं काम होत नाही. ते बँकेच्या मोठ्या शहरातल्या विभागातून होतं, त्यामुळे शाखेत काउंटरवर विचारून उपयोग नाही. शाखेकडून त्या विभागाचा ईमेल पत्ता घ्या आणि पैसे जमा झाले की त्याच आठवड्यात मेल करा. वर्षभराचे एकदम मागितले तर महिने जातात. कागद आला की त्यावर चार गोष्टी वाचा: पाठवणाऱ्याचं नाव, डॉलरची रक्कम, दर आणि पैसे कशासाठी आले ते सांगणारा पर्पज कोड.

डॉलरची रक्कम अ‍ॅडसेन्सच्या रकमेशी जुळली पाहिजे. 970 निघाले आणि कागदावर 955 असतील, तर वाटेतल्या एखाद्या मध्यस्थ बँकेने 15 डॉलर घेतले. तोही तुमचा खर्च. तुमची कमाई तेवढी कमी झाली असं नाही. पर्पज कोड फार महत्त्वाचा. जाहिरातीच्या कामासाठी P1007 हा कोड आहे आणि यूट्यूबच्या पैशांना सहसा तोच लावतात. पण घाईत बँकेचा माणूस कधीकधी P1301 टाकतो. तो परदेशातल्या आपल्या माणसाने घरखर्चासाठी पाठवलेल्या पैशांचा कोड आहे. आपल्याकडे आखातातून पैसे येणारी घरं इतकी आहेत की शाखेतल्या माणसाच्या बोटांना तोच कोड सवयीचा असतो. तो तसाच राहिला, तर कागदोपत्री तुमचा धंद्याचा पैसा कोणीतरी पाठवलेला घरखर्च ठरतो आणि पुढे जीएसटीत निर्यात सिद्ध करायची वेळ आली की अडकतं. दिसला की लगेच लेखी दुरुस्ती मागा.

आता अमेरिकेच्या बाजूचा फॉर्म. अ‍ॅडसेन्समध्ये W-8BEN, म्हणजे तुम्ही अमेरिकेबाहेरचे करदाते आहात हे सांगणारा फॉर्म, भरला नसेल, तर गूगल जगभरच्या पूर्ण कमाईवर 24 टक्क्यांपर्यंत कर कापू शकतं. भरला पण भारत-अमेरिका कराराचा फायदा मागितला नाही, तर अमेरिकेच्या भागावर 30 टक्के. बरोबर भरला, तर अमेरिकेच्या भागावर 15 टक्के. करारातलं कलम 12, रॉयल्टीचं. फॉर्ममध्ये करदात्याचा परदेशी क्रमांक विचारतात तिथे पॅन टाकायचा, नाव पॅनवर आहे तसंच, आणि करार निवडताना Motion Picture & TV तसंच Other Copyright या दोन्हींसाठी कलम 12 आणि 15 टक्के निवडायचं. पुष्कळ जण एकच खूण करून पुढे जातात आणि मग 30 टक्के का कापतायत म्हणून विचारत बसतात. कापलेला कर आणि अमेरिकेचे डॉलर यांचं प्रमाण दर महिन्याच्या ओळीत बघा. 15 टक्क्यांपेक्षा स्पष्ट जास्त दिसलं की फॉर्मात काहीतरी राहिलंय. त्याच कॅलेंडर वर्षात दुरुस्त केलात तर गूगल जास्तीचं परत करू शकतं; वर्ष उलटलं की ते पैसे मागायला अमेरिकेच्या करखात्याकडे जावं लागतं, आणि एवढ्या रकमेसाठी ते कोणी करत नाही. फॉर्म कायमचा नसतो. सही केलेल्या वर्षानंतर तिसऱ्या वर्षाच्या 31 डिसेंबरला संपतो. मोबाइलमध्ये आठवण लावून ठेवा.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर परिस्थितीवर आहे, आणि ते अनेकांना आवडत नाही. अमेरिकेत कापलेल्या कराचं श्रेय मिळतं, पण त्याच उत्पन्नावर भारतात जेवढा कर बसतो तेवढ्यापुरतंच. भारतात कर बसतच नसेल, तर श्रेय शून्य. आपलं सरकार अमेरिकेच्या तिजोरीत गेलेले पैसे परत देत नाही.

दोन परिस्थिती घेऊ. सोपं जावं म्हणून वर्षभर 88 चाच दर धरतो. वर्षाची कमाई 12,000 डॉलर, म्हणजे 10,56,000 रुपये. त्यातले अमेरिकेचे 2,400 डॉलर, त्यावर कापलेला कर 360 डॉलर, म्हणजे 31,680 रुपये. कॅमेरा, बोटीचं भाडं, डिझेल, एडिटिंग असा खर्च 30 टक्के, म्हणजे नफा 7,39,200. तुमचं दुसरं काही उत्पन्न नसेल तर 2025-26 साठी नव्या करपद्धतीत 12 लाखांपर्यंत कलम 87ए च्या सवलतीमुळे कर शून्य. म्हणून श्रेयही शून्य आणि ते 31,680 गेले. अशा वेळी श्रेय मागायचा फॉर्म 67 भरून हाती काही लागत नाही. पण रिटर्नमध्ये पूर्ण 10,56,000 ची उलाढाल दाखवायची, कारण ती खरी आहे.

दुसरी परिस्थिती. यूट्यूबबरोबर ब्रँडची कामं आहेत, घरचा होमस्टे तुमच्याच नावावर आहे, आणि सगळं मिळून करपात्र उत्पन्न 18 लाख. नव्या पद्धतीत त्यावर 1,60,000 कर आणि 4 टक्के सेस मिळून 1,66,400. म्हणजे सरासरी दर सुमारे 9.24 टक्के. अमेरिकेचा भाग 2,11,200 रुपये, पण त्यातूनही 30 टक्के खर्च वजा केला की उरतात 1,47,840. त्यावर सरासरी दराने भारताचा कर झाला 13,667. अमेरिकेत कापला 31,680. श्रेय मिळणार यातलं कमी ते, 13,667. उरलेले 18,013 पुढच्या वर्षीही नेता येत नाहीत. असं होतं कारण अमेरिका खर्च न बघता पूर्ण रकमेवर 15 टक्के घेते आणि आपण नफ्यावर कर भरतो. जितका खर्च जास्त आणि भारतातला टप्पा खालचा, तितका फटका मोठा. 30 टक्क्यांच्या टप्प्यात बसलेल्या माणसाला जवळजवळ सगळं परत मिळू शकतं. "पूर्ण टॅक्स परत मिळवून देतो" म्हणणारा कोणी भेटला तर त्याला तुमचा सरासरी दर विचारा. तो न विचारता आकडा सांगत असेल तर त्याने गणित केलेलं नाही.

श्रेय मागायचं तर फॉर्म 67 आयकर पोर्टलवर भरायचा, आणि माझी सवय अशी की रिटर्न भरायच्या आधी भरायचा. नियमाप्रमाणे, रिटर्न मुदतीत किंवा उशिराच्या मुदतीत भरलेलं असेल, तर करनिर्धारण वर्ष संपेपर्यंत, म्हणजे 2025-26 साठी 31 मार्च 2027 पर्यंत फॉर्म 67 चालतो. पण रिटर्न आधी प्रोसेस झालं आणि फॉर्म नंतर आला, तर श्रेय वगळून कर मागणारी सूचना येते आणि दुरुस्तीचा फेरा सुरू होतो.

इथेच 1042-S चा खरा अडसर येतो. 2025 चा 1042-S जानेवारी ते डिसेंबर 2025 चा. त्यातले जानेवारी ते मार्च 2025 हे आपल्या आधीच्या वर्षाचे. आणि जानेवारी ते मार्च 2026 मध्ये कापलेला कर 2026 च्या 1042-S वर येणार, जो 2027 च्या वसंतात मिळतो, तुमचं रिटर्न भरून झाल्यावर. म्हणून एका 1042-S वरची Box 7a ची रक्कम उचलून फॉर्म 67 मध्ये टाकणं चूक आहे, आणि मला सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. तुमच्या महिन्यांच्या ओळींतून एप्रिल ते मार्च या काळात कापलेला कर बेरीज करा. पुरावा म्हणून 1042-S जोडा आणि शेवटच्या तीन महिन्यांसाठी अ‍ॅडसेन्सचं व्यवहारांचं पान, तुमच्या सहीच्या विवरणासकट. नियम 128 मध्ये कर कापणाऱ्याचं प्रमाणपत्र चालतं आणि करदात्याने सही केलेलं विवरणही चालतं, सोबत कापल्याचा पुरावा असला तर. पुढे 2026 चा 1042-S आला की त्यातले पहिले तीन महिने तुमच्या ओळींशी ताडून बघा आणि फाइलला लावा.

रिटर्नचा फॉर्मही यावरच ठरतो. आयटीआर-4 सोपा म्हणून सगळे तिकडे वळतात, पण परदेशी कराचं श्रेय मागणाऱ्याला तो चालत नाही. त्यात त्यासाठी जागाच नाही. आयटीआर-3 भरायचा, त्यातल्या Schedule FSI मध्ये अमेरिकेचा भाग आणि Schedule TR मध्ये श्रेय. व्यवसायाचा कोड 16021, सोशल मीडिया इन्फ्लुएन्सर्सचा. 50 टक्के नफा गृहीत धरणारं कलम 44एडीए घ्यायचं का, हे तुमच्या खऱ्या खर्चावर ठरवा. ते घेतलं तर अमेरिकेच्या भागाचा नफाही निम्माच धरला जातो आणि श्रेयाची मर्यादा आणखी खाली येते, हे लक्षात ठेवा. छोट्या धंद्यांसाठी असलेल्या कलम 44एडी खाली 6 टक्के नफा दाखवायचा सल्ला कोणी दिला तर मी तो घेणार नाही. आपलं काम धंद्याऐवजी प्रोफेशनच्या कोडात बसवलेलं असताना तो बचाव टिकेल यावर माझा विश्वास नाही.

आगाऊ कर विसरू नका. परदेशातून येणाऱ्या पैशांवर इथे टीडीएस कापला जात नाही, त्यामुळे वर्षाचा कर 10,000 च्या वर जाणार असेल तर जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या 15 तारखांना भरावा लागतो. 44एडीए घेतलं असेल तर सगळा 15 मार्चपर्यंत.

जीएसटीचं थोडक्यात. सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला 20 लाखांची उलाढाल, आणि त्यात यूट्यूबची निर्यातही मोजली जाते, ब्रँडची कामंही आणि तुमच्या पॅनवरचा होमस्टेही. वरच्या दुसऱ्या उदाहरणात खर्च वजा करायच्या आधीची उलाढाल 20 लाखांच्या वर गेलेलीच आहे. नोंदणी झाली की परदेशातून आलेल्या पैशांवर कर भरावा लागत नाही, मात्र दर आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र, फॉर्म RFD-11 वर भरलेलं हवं आणि एफआयआरए हाताशी हवेत. मुंबईच्या एजन्सीने दिलेलं ब्रँडचं काम निर्यात नाही, त्यावर 18 टक्के लावावे लागतात. पैसे डॉलरच्या वॉलेटमधून आले तरी.

कलमांच्या आकड्यांबद्दल एक सूचना. 1 एप्रिल 2026 पासून आयकर कायदा 2025 लागू झाला आहे. मी वर दिलेली कलमं आणि फॉर्म 1961 च्या कायद्यातले आहेत आणि 2025-26 च्या उत्पन्नाला तेच लागतात. 2026-27 च्या उत्पन्नाचं रिटर्न भरताना नवे क्रमांक पोर्टलवर बघून घ्या. हिशोबाची रीत आणि तुमची ती महिन्याची ओळ त्यामुळे बदलत नाही.

मागच्या वर्षांचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सीएंच्या सल्ल्याने बँकेतलीच रक्कम दाखवली असेल तर ते बघायला हवं. आधी प्रत्येक वर्षाच्या ओळी अ‍ॅडसेन्सवरून मागे जाऊन भरा. अकाउंट चालू असेल तर जुने व्यवहार अजून दिसतात. मग पूर्ण कमाई धरून कर पुन्हा मोजा. ज्या वर्षी उत्पन्न वाढवूनही कर शून्यच राहतो तिथे हिशोब फाइलला लावून ठेवा. ज्या वर्षी कर निघतो तिथे अद्ययावत रिटर्न, आयटीआर-यू, भरता येतं. करनिर्धारण वर्ष संपल्यापासून 48 महिन्यांपर्यंत, पण पहिल्या वर्षात कर आणि व्याजावर 25 टक्के जास्तीचे द्यावे लागतात आणि उशीर होईल तसे ते वाढत 70 टक्क्यांपर्यंत जातात. त्यात कर कमी करून किंवा परतावा मागून चालत नाही, म्हणून राहिलेलं श्रेय या वाटेने मिळवण्याची आशा ठेवू नका. कागद किमान करनिर्धारण वर्ष संपल्यापासून सहा वर्षं ठेवा, एक प्रत घरच्या संगणकावर आणि एक बाहेर, कारण पावसात आपल्याकडे वीज आणि नेट दोन्हींचा भरवसा नसतो. आता ऑक्टोबर 2025 ची ओळ स्वतः लिहून बघा आणि तुमचे आकडे इथे टाका, डॉलर आणि तारखांसकट. नाव आणि पॅन टाकू नका. कुठे अडलं ते मी बघतो.